शर्यतीत मित्र "मला सोडायचंय" म्हणाला तर?
कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या शर्यतीत पेसर साधारणपणे सोबत धावू शकतो ते ६२व्या मैलावरच्या फॉरेस्टहिलपासून. तोवर सगळी भिस्त क्रूवर, म्हणजे तुमच्यावर. मित्र एड स्टेशनवर पोहोचण्याच्या तासभर आधीच भरलेल्या बाटल्या, हेडलॅम्प, कोरडे मोजे टॉवेलवर मांडून ठेवा. आल्याआल्या विचारा, "शेवटचं कधी खाल्लंस?" कारण "मला सोडायचंय" हे बरेचदा रिकामं पोट बोलत असतं. वाद घालू नका. अंगावर जॅकेट टाका, कोमट सूप घोटघोट पाजा, दहा मिनिटांनी उठवून चालतं करा. त्याची बाटली मात्र पेसरने उचलायची नाही, ते नियमात बसत नाही. तो असंबद्ध बोलू लागला किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर थेट डॉक्टरांकडे न्या.