कुर्त्याचा रंग शर्टाला

मशीनमधून काढून पलंगावर पसरलेल्या कपड्यांचा हा फोटो नीट निरखण्यासारखा आहे. एक नवा मरून सुती कुर्ता, दोन पांढरे सुती शर्ट, एक बनियन आणि एक फिकट पिवळी सुती ओढणी. कुर्ता सोडून सगळ्यांवर गुलाबी झाक आली आहे. पण एका शर्टाच्या कॉलरची शिलाई पांढरीच राहिली आहे, आणि दुसऱ्याच्या पाठीवर हातभर लांब गडद पट्टा उमटला आहे. नेमकं काय घडलं ते या दोन खुणाच सांगतात.

शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो आणि सुतासाठीचे रंग पॉलिस्टरला धरत नाहीत. कापड गुलाबी आणि दोरा पांढरा, म्हणजे कुर्त्यातून सुटलेला रंग सुतासाठीचाच आहे. सगळीकडे सारखी पसरलेली झाक पाण्यातून आली. पट्टा मात्र नंतरचा आहे. धुणं संपल्यावर कपडे तसेच ओले मशीनमध्ये पडून राहिले आणि कुर्त्याची बाही शर्टाला चिकटून बसली, तेव्हाचा. माझ्या मते धुण्यापेक्षा हे पडून राहणंच जास्त नडतं.

पण कुर्त्यातून रंग सुटलाच का? आज बरेचसे सुती कपडे रिअॅक्टिव्ह रंगांनी रंगवतात. हे रंग आयसीआय या ब्रिटिश कंपनीने 1956 मध्ये बाजारात आणले. ते सुताच्या तंतूशी रासायनिक बंध जोडतात, म्हणूनच पक्के. अडचण अशी की, रंगवताना सगळाच रंग तंतूला मिळत नाही. काही भाग पाण्याशीच जोडला जातो आणि नुसता कापडाला टेकून राहतो. गडद छटेसाठी रंग भरपूर वापरतात, त्यामुळे हा उरलेला रंगही भरपूर. कारखान्यात उकळत्या साबणपाण्याने तो पुन्हा पुन्हा धुऊन काढायचा असतो. त्यासाठी पाणी, इंधन आणि वेळ लागतो, आणि नेमकी तिथेच काटकसर होते. मग ते राहिलेलं काम आपल्या घरच्या मशीनमध्ये होतं.

नवा कपडा मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो, असं घरोघरी सांगतात. रंगारीही मीठ वापरतात, पण ते पाण्यातला रंग कापडाकडे ढकलण्यासाठी. सुटा रंग मिठाने पक्का होत नाही. उलट त्या बादलीत पांढरा रुमाल असेल तर रंग त्याच्याकडेही ढकलला जाईल.

आता शर्टांकडे वळू. ते अजून ओले असतील तर वाळवू नका, इस्त्री तर नकोच. एकदा वाळले की रंग काढणं अवघड जातं. कुर्ता बाजूला काढा. पांढरे कपडे एका मोठ्या बादलीत, हाताला सोसणार नाही इतक्या गरम, म्हणजे साधारण 60 अंशांच्या पाण्यात पावडर घालून अर्धा तास भिजवा. पाणी गुलाबी झालं की ते ओतून नवं घ्या. जुन्याच पाण्यात ठेवलं तर रंग परत कापडावर बसतो. टेकून राहिलेला रंग गरम पाण्यात सुटतो, त्यामुळे दोन-तीन पाण्यांत पुष्कळ फरक दिसतो.

तरी झाक उरली तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट वापरा. पाच लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे पूर्ण विरघळवून कपडे चार-सहा तास बुडवून ठेवा. पिवळ्या ओढणीलाही हे चालण्याची शक्यता आहे, पण आधी तिच्या आतल्या दुमडीवर थेंब टाकून पाहा. रेशीम आणि लोकरीला हे अजिबात वापरू नका.

पाठीवरचा पट्टा बहुधा एवढ्यानेही जाणार नाही. त्यावर शेवटचा उपाय सोडियम हायड्रोसल्फाइट, रंगारी ज्याला हायड्रो म्हणतात ते. रंग काढायच्या काही पावडरींतही हेच असतं. ते रंगाच्या रेणूतला, रंग दिसण्याला कारण असलेला बंधच तोडतं. पण डागाचा रंग कोणता आणि मूळचा कोणता, हे त्याला कळत नाही. म्हणून ते फक्त पांढऱ्यासाठी, ओढणीला मुळीच नाही. हातमोजे घाला आणि खिडक्या उघडा, वास उग्र असतो. आम्ल किंवा दुसऱ्या कुठल्याही ब्लीचबरोबर ते कधीही मिसळू नका.

राहिला कुर्ता. त्याला एकट्यालाच गरम पाण्यात पावडर घालून धुवा, सोबत एक पांढरी सुती चिंधी टाका. दर धुण्याला चिंधी फिकट होत गेली तर उरलेला रंग संपत आला आहे. चार-पाच धुण्यांनंतरही ती तितकीच लाल निघाली, तर कुर्ता स्वस्त डायरेक्ट रंगाने रंगवलेला असण्याची शक्यता जास्त. त्या रंगाचा तंतूशी पक्का बंध होतच नाही. असा कुर्ता कायम वेगळा आणि थंड पाण्यातच धुवा.