ॲस्पिरिनला व्हिनेगरचा वास का येतो?

पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या बाटलीतल्या जुन्या ॲस्पिरिनच्या गोळ्यांना व्हिनेगरसारखा वास येतो. त्याच कपाटातल्या पॅरासिटामॉलला मात्र तो येत नाही. दोन्ही रेणूंवर ॲसिटाइल हा एकच गट बसलेला असतो. ॲस्पिरिनमध्ये तो ऑक्सिजनला जोडलेला आहे, म्हणजे तिथे एस्टर आहे. पॅरासिटामॉलमध्ये तो नायट्रोजनला जोडलेला आहे, म्हणजे तिथे अमाइड आहे.

या गटातल्या कार्बनला दुहेरी बंधाने एक ऑक्सिजन जोडलेला असतो आणि तो ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो. इलेक्ट्रॉनची ही उणीव शेजारचा अणू किती भरून काढतो, यावर रेणूचा टिकाऊपणा ठरतो. नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉनजोडी सहज देऊ करतो, म्हणून अमाइड शांत असते. एस्टरमधला ऑक्सिजन त्याहून कमी देतो. ॲनहायड्राइडमधल्या ऑक्सिजनवर दोन्ही बाजूंच्या कार्बनचा हक्क असतो, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला थोडेच येते. आम्ल क्लोराइडमधला क्लोरीन जवळजवळ काहीच देत नाही, आणि बंध सोडून निघून जायलाही तोच सर्वांत तत्पर असतो. म्हणून क्रियाशीलतेच्या उतरंडीत आम्ल क्लोराइड सर्वांत वर, मग ॲनहायड्राइड, मग एस्टर आणि तळाशी अमाइड. वरच्यापासून खालचे बनवणे सोपे, उलटा प्रवास अवघड.

ॲस्पिरिनच्या इतिहासात या वरच्या दोन्ही पायऱ्या दिसतात. १८५३ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल जेरार यांनी ॲसिटाइल क्लोराइड वापरून ते बनवले, पण ते अशुद्ध होते. ॲसिटाइल क्लोराइड दमट हवेतही धुमसते आणि हायड्रोजन क्लोराइड सोडते. १८९७ साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध ॲस्पिरिन मिळवले ते ॲसेटिक ॲनहायड्राइडपासून.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आजही हाच मार्ग वापरतात. २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्लात ५ मिलिलिटर ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घालून मिश्रण दहा-पंधरा मिनिटे गरम पाण्यात ठेवतात. मग बर्फाचे पाणी घातले की पांढरे स्फटिक खाली बसतात. हिशेबाने २.६ ग्रॅम मिळायला हवे, हाती येते त्याहून कमी. क्रिया अर्धवट राहिली का, हे फेरिक क्लोराइडच्या थेंबाने कळते. जांभळा रंग आला, तर सॅलिसिलिक आम्ल शिल्लक आहे. ओल लागून बिघडलेली गोळीही हाच रंग दाखवते, कारण पाण्याने एस्टर तुटून सॅलिसिलिक आणि ॲसेटिक ही दोन आम्ले परत मिळतात. वास येतो तो त्या ॲसेटिक आम्लाचा.

पॅरासिटामॉल बनवताना तेच ॲनहायड्राइड पॅरा-अमिनोफिनॉलवर टाकतात. या रेणूत नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही आहेत, तरी नायट्रोजन आधी पुढे येतो. तो इतका चपळ असतो की ही क्रिया पाण्यातही उरकते. ॲनहायड्राइड जास्त झाले, तर ऑक्सिजनवरही ॲसिटाइल बसते. मग सौम्य अल्कली वापरून तेवढे एस्टर तोडता येते. अमाइड जागचे हलत नाही.

तळाचे अमाइड थेट आम्ल क्लोराइडमध्ये बदलता येत नाही. आधी ते तीव्र आम्लात किंवा अल्कलीत बराच वेळ उकळून मूळ कार्बॉक्सिलिक आम्ल मिळवावे लागते. त्यावर थायोनिल क्लोराइडची क्रिया केली की आम्ल क्लोराइड तयार होते. सोबत निघणारे सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू उडून जातात, त्यामुळे क्रिया मागे फिरत नाही.