राउंडचं पहिलं मिनिट

सकाळी नऊच्या सुमारास जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात राउंड सुरू होतो. पुढे युनिटचे प्रमुख, मागे रेसिडेंट आणि इंटर्न, केसपेपर घेऊन सिस्टर. खाटेशी रात्रभर बसलेले नातेवाईक धडपडत उठतात. एवढ्या घोळक्यात आपले डॉक्टर नेमके कोणते, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

म्हणून सुरुवात नावापासून व्हायला हवी. केट ग्रेंजर ही इंग्लंडमधली डॉक्टर 2013 मध्ये स्वतः कर्करोगाची रुग्ण म्हणून दाखल होती. आपल्यावर उपचार करणारे अनेक जण नावही सांगत नाहीत, हे तिला खुपलं आणि कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःची ओळख करून द्यावी, यासाठी तिने मोहीम उभारली.

समजा, साठीतले एक शेतकरी न्यूमोनियाने दाखल आहेत. उशाशी पत्नी, मुलगा आणि गावाकडून आलेले मेहुणे. डॉक्टर आधी रुग्णाकडे वळतात, "नमस्कार काका, झोप लागली का?" माणूस शुद्धीवर असताना त्याला ओलांडून नातेवाइकांशी बोलणं त्याला फार लागतं. मग स्वतःचं नाव सांगून विचारतात, "ही मंडळी तुमची कोण?" नातं अंदाजाने ठरवू नये, थकलेल्या बायकोला आई समजलं की पुढचं सगळंच अवघडतं. "यांच्यासमोर बोललं तर चालेल ना?" हेही विचारायचं, कारण मेहुण्यांना काय कळावं ते काकांनी ठरवायचं असतं.

आता पत्नीकडे. "मावशी, रात्रीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?" या प्रश्नातून खरी भीती बाहेर येते. "ऑक्सिजन लावला म्हणजे आता काही खरं नाही, असं शेजारची बाई म्हणाली." नुसतं "घाबरू नका" म्हटलं असतं, तर ही समजूत तशीच राहिली असती. डॉक्टर सांगतात, "काल पाच लिटर ऑक्सिजन लागत होता. आज दोन लिटरवर भागतंय. ताप अजून आहे. मी आधी तपासतो, राउंड संपला की तुमच्याशी सावकाश बोलतो."

एवढ्याला जेमतेम मिनिट लागतं. पण त्यानंतर खाटेशी विद्यार्थ्यांबरोबर इंग्रजीत चर्चा सुरू झाली, की कमावलेलं निसटतं. "सीरियस", "फेल्युअर" एवढेच शब्द घरच्यांच्या कानात राहतात. चर्चा करावीच लागते. फक्त "आता मुलांना शिकवतोय, तुमचं नंतर मराठीत सांगतो," असं आधी म्हणावं. बोलणं पोचलं नसेल तर ते लगेच कळतं: मुलगा राउंडमागे दारापर्यंत येतो आणि तोच प्रश्न इंटर्नला विचारतो.

बातमी वाईट असेल, तर मात्र खाटेशी ओळख आणि विचारपूस एवढंच करावं. बाकीचं बोलणं सिस्टरच्या खोलीत, सगळ्यांना बसवून आणि सिस्टरला सोबत घेऊन व्हावं. दुपारी तेच प्रश्न तिलाच विचारले जाणार असतात.