चंद्रोदयाची वेळ आणि गोळीची वेळ

संकष्टी चतुर्थीचा उपास चंद्रदर्शनानंतर सुटतो आणि त्यासाठी बऱ्याचदा रात्रीचे नऊ-दहा वाजतात. मधुमेहाची रात्रीची गोळी मात्र सवयीने आठलाच घेतली जाते. गोळी पोटात गेलेली आणि जेवण अजून दोन तास लांब, या दोन तासांतच साखर घसरण्याचा धोका सर्वांत मोठा असतो.

सगळ्याच गोळ्या सारख्या धोक्याच्या नसतात. मेटफॉर्मिन एकटीच घेतली तर साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. अडचण अशी की आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड पुष्कळदा एकाच गोळीत असतात. त्यामुळे गोळी टाळली तर दोन्ही औषधे जातात आणि घेतली तर दोन्ही लागू होतात. म्हणून चतुर्थीच्या आठवडाभर आधी गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि त्या दिवसापुरते वेगळे वेळापत्रक लिहून घ्यावे.

समजा, अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई अशी जोडगोळी सकाळ-संध्याकाळ घेतात आणि पित्तासाठी पँटोप्रॅझोलही घेतात. डॉक्टर त्यांना साधारण असे सांगतील : सकाळी उठल्यावर पँटोप्रॅझोल पाण्याबरोबर घ्या. अर्ध्या तासाने थोडा फराळ करा आणि त्यासोबत नुसती मेटफॉर्मिन घ्या. ग्लिमेपिराइडची सकाळची मात्रा त्या दिवशी कमी करायची की वगळायची, हे साखरेच्या नोंदी पाहून ठरेल. रात्रीची गोळी घड्याळ पाहून नको, ताट समोर आल्यावर घ्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये आणि बंद तर मुळीच करू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. उपाशीपोटी त्यांनी शरीर कोरडे पडू शकते, म्हणून त्यांबद्दलही विचारावे.

आता फराळ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने आणि तंतू नावालाच असतात. ताटभर खिचडीने साखर झपाट्याने चढते, आणि तूप, तळण व मिरचीने छातीत जळजळ होते. खिचडी हवीच असेल तर लहान वाटीभर, सोबत दही आणि काकडी. राजगिऱ्याची भाकरी किंवा भगर दह्याबरोबर थोडी थोडी, तीन-चार तासांच्या अंतराने खावी. रिकाम्या पोटी चहा-कॉफी पित्त वाढवते. थंड दुधाने जळजळ थांबल्यासारखी वाटते, पण थोड्या वेळाने आम्ल पुन्हा वाढते. दिवसभरात आठ-दहा भांडी पाणी आणि पातळ ताक घ्यावे. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांनी आखून दिलेली पाण्याची मर्यादा पाळावी. चंद्रोदयानंतर वरण-भात, भाजी पोटभर नको, मोदक एखादाच. जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नये, नाहीतर रात्री आंबट पाणी घशाशी येते.

सगळ्यात जास्त फसवणूक लक्षणांची होते. संध्याकाळी मळमळ, घाम, चक्कर, हात थरथरणे असे झाले की घरात सगळे म्हणतात, ‘पित्त उठलंय, जरा पडा.’ पण हीच लक्षणे साखर उतरल्याचीही असतात. ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ग्लुकोमीटर. बोटाला सुई टोचल्याने उपास मोडत नाही. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि शंका येईल तेव्हा तपासावे. आकडा ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि आकडा वर आला की चंद्राची वाट न पाहता जेवून घ्यावे, कारण ग्लिमेपिराइडचा परिणाम तासन्‌तास राहतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यावे. आकडा ३००च्या वर गेला तरी उपास सोडून डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखून घाम आला, रक्ताची उलटी झाली किंवा शौच डांबरासारखे काळे झाले, तर त्याला पित्त समजून घरी थांबू नये.

टाइप १ मधुमेह, गरोदरपणातील इन्सुलिन, मूत्रपिंडाचा आजार, नुकताच झालेला अल्सर किंवा अलीकडे साखर उतरून आलेली बेशुद्धी असेल, तर उपास करूच नये. अशांनी अथर्वशीर्ष म्हणावे, दूर्वा वाहाव्यात आणि वेळेवर जेवावे.