पायाशी की विमानाच्या पोटात?

कुत्र्याला विमानाने न्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो तो तिकिटाचा. खरं तर आधी वजनकाटा काढायला हवा. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात पाळीव प्राणी नेऊ देणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत. अकासा एअरने २०२२च्या नोव्हेंबरात ही सोय सुरू केली तेव्हा केबिनसाठी मर्यादा ७ किलोंची होती, पुढे ती १० किलो झाली. ही मर्यादा प्राणी आणि पिशवी मिळून असते. नऊ किलोंचा पग आणि दीड किलोची पिशवी म्हटलं की काट्यावर साडेदहा दिसतात, आणि मग काउंटरवर कितीही हात जोडले तरी उपयोग होत नाही.

केबिनमधली पिशवी मऊ आणि जाळीदार लागते, कारण ती पुढच्या सीटखाली सरकावी लागते. प्राण्याला तिच्यात उभं राहून वळता यायला हवं. मांजर किंवा छोटा कुत्रा यात मावतो. चौदा-पंधरा किलोंचा गावठी कुत्रा मात्र मावत नाही, त्याला खालीच जावं लागतं.

खालचा कक्ष म्हणजे थंडगार अंधारकोठडी, ही समजूत चुकीची आहे. प्राणी ठेवायच्या कक्षात हवेचा दाब केबिनइतकाच असतो आणि तापमानही सांभाळलेलं असतं. मात्र प्रत्येक विमानात अशी सोय असलेला कक्ष असतोच असं नाही, म्हणून आपल्या नेमक्या फ्लाइटबद्दल आधी विचारून घ्यावं. खरा धोका हवेत नसून जमिनीवर असतो. मे महिन्यात दुपारी दिल्लीच्या तापलेल्या धावपट्टीजवळ पिंजरा ट्रॉलीवर थांबला तर कुत्रा धापा टाकून स्वतःला थंड करू पाहतो. पग, बुलडॉग, शित्झू यांच्या आखूड नाकाला ते नीट जमत नाही. पर्शियन मांजराचंही तेच. त्यामुळे अनेक कंपन्या या जाती खाली घ्यायलाच नकार देतात. माझं मत स्पष्ट आहे: पग केबिनच्या वजनात बसत नसेल तर त्याला गाडीने किंवा रेल्वेने न्यावं. बाकीच्यांसाठी उन्हाळ्यात पहाटेची किंवा रात्रीची, मध्ये न थांबणारी फ्लाइट घ्यावी.

खालच्या प्रवासासाठी कडक पिंजरा लागतो, आणि त्याचं माप अंदाजाने घेऊन चालत नाही. 'आयाटा'चं सूत्र सोपं आहे. आपला गावठी कुत्रा नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत ६५ सेंटिमीटर, जमिनीपासून कोपरापर्यंत ३०, खांद्यापाशी १८ रुंद आणि कानांच्या टोकापर्यंत ५६ उंच आहे असं धरू. पिंजऱ्याची लांबी म्हणजे ६५ अधिक कोपराच्या उंचीचं अर्ध, म्हणजे ८०. रुंदी खांद्याच्या दुप्पट, ३६. उंची ५६ अधिक खालच्या गादीचे तीनेक सेंटिमीटर, ५९. हे किमान माप आहे, दुकानात त्याहून लगतचा मोठा पिंजरा घ्यावा. दुकानदार 'बसतोय की!' म्हणेल, पण आत कुत्र्याचे कान छताला लागत असतील तर काउंटरवर पिंजरा नाकारला जाऊ शकतो. दोन्ही भाग नुसत्या प्लास्टिकच्या क्लिपांनी न जोडता धातूच्या नट-बोल्टनी आवळावेत. पाण्याची वाटी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवावी. बर्फ हळूहळू वितळतो, पाणी चढवताना सांडत नाही.

झोपेची गोळी देऊ नये. तिने रक्तदाब आणि श्वास मंदावतो, तोल जातो, आणि खाली लक्ष ठेवायला कोणी नसतं. त्याऐवजी दोन-तीन आठवडे पिंजरा घरात उघडा ठेवून त्यातच खाऊ घालावा.

देशातल्या प्रवासाला कागद मुख्यतः दोन: रेबीजच्या लसीची नोंद असलेलं कार्ड आणि पशुवैद्यकाचं प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र. पहिलीच लस असेल तर ती देऊन किमान ३० दिवस झालेले असावेत. प्रमाणपत्र किती दिवसांपूर्वीचं चालेल हे कंपनी ठरवते, तेव्हा ते फार आधी काढून ठेवू नये. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का आहे ना, कार्डावरचा रंग आणि वय त्याच्याशी जुळतं ना, हे दवाखान्यातच पाहून घ्यावं.

परदेशाचं गणित वेगळं. पुण्याहून जर्मनीला बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी क्रम लक्षात ठेवावा: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस युरोपीय संघ धरत नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्ततपासणी होते, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. १ जानेवारीला चिप आणि लस झाली, ३१ जानेवारीला रक्त घेतलं, तर एप्रिल संपेपर्यंत कुत्रा तिथे जाऊ शकत नाही. याशिवाय निघण्यापूर्वी केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध विभागाचं प्रमाणपत्र लागतं, त्याचं कार्यालय मुंबईतही आहे. त्यामुळे नोकरीचं पत्र हाती येताच आधी पशुवैद्यकाकडे जा, विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.