चाळीस गुणांची सराव प्रश्नपत्रिका

दहावीच्या बीजगणिताची सराव प्रश्नपत्रिका काढायला बसलेले शिक्षक आधी प्रश्न शोधत नाहीत, संविधान तक्ता आखतात. राज्य मंडळाची ही प्रश्नपत्रिका 40 गुणांची, 2 तासांची. पण पर्यायी प्रश्न धरले तर छापायचे असतात एकूण 60 गुणांचे प्रश्न.

या जादा 20 गुणांतच खरी गोम आहे. चार गुणांच्या तीन प्रश्नांपैकी दोन सोडवायचे असतात. जुन्या प्रश्नपत्रिकांतून घेताना त्यातले दोन वर्गसमीकरणांचे आले, तर तो पाठ कच्चा असलेल्या मुलाला वाटच उरत नाही. म्हणून हे तीन प्रश्न वेगवेगळ्या पाठांतून घेतले जातात आणि त्यांची काठिण्यपातळी सारखी ठेवली जाते.

जुना प्रश्न जसाच्या तसा दिला तर मुलांना उत्तर पाठ असते, म्हणून आकडे बदलावे लागतात. तिथे चूक होते. x² − 15x + 54 = 0 हे समीकरण अवयव पद्धतीने सहज सुटते, उत्तरे 6 आणि 9. मात्र 54 च्या जागी 55 लिहिले, तर विवेचक 5 येतो, तो पूर्ण वर्ग नाही आणि पूर्णांकात अवयव पडत नाहीत. 56 घेतले तर विवेचक 1, उत्तरे 7 आणि 8. काठिण्य तेवढेच राहते.

शेवटी शिक्षकाने पूर्ण प्रश्नपत्रिका स्वतः पायऱ्यांसह सोडवून पाहावी. त्यालाच दोन तास लागले, तर ती मुलांसाठी लांबली आहे.