प्रशिक्षणाच्या फलिताचा हिशेब

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करणाऱ्या अधिकाऱ्याकडे प्रशिक्षणसंस्था जेव्हा प्रस्ताव घेऊन जाते, तेव्हा वाटलेल्या प्रमाणपत्रांची संख्या तिने फलित म्हणून मांडू नये; कारण प्रमाणपत्र ही केवळ वर्ग पुरा झाल्याची पावती होय. समजा, शिवणकामाच्या वर्गात १०० स्त्रिया दाखल झाल्या, ८० उत्तीर्ण झाल्या, ५० कामास लागल्या आणि सहा महिन्यांनंतर ३० टिकल्या, तर खरे फलित दाखल झालेल्या १०० पैकी ३० एवढेच. शिवाय प्रशिक्षणापूर्वीची मिळकत प्रवेशाच्या वेळीच नोंदवलेली नसेल, तर नंतरच्या वेतनपावत्यांवरून वाढ सिद्ध होत नाही. अधिकाऱ्यांनी प्रवेशाची नोंदवही मागवावी आणि काही स्त्रियांना समक्ष भेटून ताळा पाहावा.